रोबोटच्या सांध्याला कोणता एन्कोडर लावावा आणि त्याचं वाचन भरवशाचं कसं करावं

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार सांध्यांचा रोबोट हात क्रेटमधली संत्री उचलत होता. खांद्याचा सांधा वर गेलेला असतानाच वीज गेली आणि हात स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली आला. वीज परत आल्यावर कंट्रोलर सुरू झाला, जिथे उभा होता तीच जागा त्याने शून्य धरली आणि खांद्याला 'खाली जा' असा हुकूम दिला. हात आधीच खाली होता. कोपराचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट टेबलावर आपटून वाकला.

प्रोग्राम बरोबर होता, मोटरही चांगली होती. सांधा किती फिरला हे मोजणाऱ्या एन्कोडरची निवड चुकली होती. ती दुरुस्त करताना आम्ही जे शिकलो, ते पहिला रोबोट हात बांधणाऱ्यांसाठी खाली क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण शेवटपर्यंत याच खांद्याच्या सांध्याचं घेतलं आहे.

## १. आधी दोन प्रश्न वेगळे करा

नवीन माणसाला इन्क्रिमेंटल, अ‍ॅब्सोल्यूट, ऑप्टिकल आणि मॅग्नेटिक हे चार पर्याय एका रांगेत ठेवलेले वाटतात. ते तसे नाहीत. इथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची दोन उत्तरं आहेत.

पहिला प्रश्न: एन्कोडर काय सांगतो? इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त 'हललो' एवढंच सांगतो. ए आणि बी या त्याच्या दोन वायरींवर एकमेकांपासून पाव चक्र सरकलेले पल्स येतात. कोणता आधी आला त्यावरून दिशा कळते आणि किती आले त्यावरून अंतर. हिशोब ठेवणं कंट्रोलरचं काम, त्यामुळे वीज गेली की हिशोबही गेला. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर 'मी इतक्या अंशांवर आहे' असं थेट सांगतो. बंद असताना कोणी सांधा हाताने फिरवला, तरी सुरू होताच तो खरी जागा सांगतो.

दुसरा प्रश्न: तो हे ओळखतो कसं? ऑप्टिकलमध्ये बारीक रेषांची चकती फिरते आणि तिच्यातून जाणारा प्रकाश मोजला जातो. मॅग्नेटिकमध्ये चुंबक फिरतो आणि हॉल सेन्सर त्याच्या क्षेत्राची दिशा पाहतो. ऑप्टिकलची अचूकता फार वरपर्यंत नेता येते, पण त्याला धूळ आणि तेल सोसत नाही. मॅग्नेटिकला धुळीचं काही नाही. त्याला त्रास होतो तो जवळच्या लोखंडाचा, दुसऱ्या चुंबकांचा आणि वाकड्या बसवणीचा.

म्हणजे ऑप्टिकल अ‍ॅब्सोल्यूटही असतो आणि मॅग्नेटिक इन्क्रिमेंटलही असतो. स्वस्त गियर मोटरच्या शेपटीला जो छोटा काळा चुंबक आणि दोन सेन्सर असतात, तो मॅग्नेटिक इन्क्रिमेंटलच आहे.

## २. प्रकार ठरवण्याआधी जागा ठरवा

आमच्या खांद्याला १:९० गियरबॉक्सची डीसी मोटर आहे. तिच्यापुढे २० दातांच्या पुलीवरून ६० दातांच्या पुलीवर जाणारा टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे आणखी १:३. सांध्याची एक फेरी होते तेव्हा मोटरच्या २७० फेऱ्या होतात. मोटरच्या शेपटीचा एन्कोडर एका फेरीत ११ पल्स देतो. ए आणि बी या दोन्हींचे चढ-उतार मोजले की ४४ काउंट. ४४ × २७० = ११,८८०, म्हणजे सांध्याच्या एका फेरीत ११,८८० काउंट, आणि एक काउंट सुमारे ०.०३ अंशाचा.

कागदावर हे फार बारीक मोजमाप आहे. आता मोटर धरून ठेवा आणि हात हाताने वर-खाली हलवून बघा. आमचा हात १.२ अंश हलत होता आणि एन्कोडरला त्याचा पत्ताही नव्हता, कारण गियरमधली ढिलाई आणि बेल्टचा ताण दोन्ही एन्कोडरच्या पुढे आहेत. खांद्यापासून ४०० मिलिमीटरवर १.२ अंश म्हणजे ८ मिलिमीटरपेक्षा जास्त. एवढी चूक झाली की ग्रिपरची बोटं संत्र्याच्या बाजूला न जाता सालीत घुसतात.

म्हणून माझं ठाम मत आहे की जागा कळण्यासाठीचा एन्कोडर सांध्याच्या शाफ्टवरच हवा. याचा आणखी एक फायदा होतो. आमचा खांदा २१० अंशच फिरतो, म्हणजे पूर्ण फेरी कधीच होत नाही. त्यामुळे एका फेरीपुरता अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर पुरतो. तोच मोटरच्या शाफ्टवर लावला, तर २७० फेऱ्यांपैकी कितवी चालू आहे हे त्याला सांगता येणार नाही आणि वीज गेल्यावर पुन्हा पहिलाच गोंधळ होईल.

## ३. आम्ही काय निवडलं

सांध्यावर मॅग्नेटिक अ‍ॅब्सोल्यूट लावला आणि मोटरवरचा इन्क्रिमेंटल काढला नाही. पहिला जागा सांगतो. दुसरा वेग सांगतो आणि पहिल्यावर लक्षही ठेवतो.

अ‍ॅब्सोल्यूटसाठी AS5600 ही चिप घेतली. ती एका फेरीचे ४,०९६ भाग करते, म्हणजे एक भाग सुमारे ०.०८८ अंशाचा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. ०.०८८ हे रिझोल्यूशन आहे, अचूकता नव्हे. चुंबक नीट बसवला तरी या चिपच्या वाचनात एका अंशाच्या आसपास चूक राहू शकते.

मग गियरच्या १.२ अंशांच्या ढिलाईपेक्षा ही चूक बरी कशी? कारण ती दर वेळी त्याच जागी तेवढीच येते. एकदा मोजून तिचा तक्ता केला की ती वजा करता येते. गियरची ढिलाई कोणत्या बाजूला झुकली आहे हे मात्र त्या क्षणीच्या भारावर ठरतं, तिचा तक्ता करता येत नाही.

ऑप्टिकल का नाही? बाजारात सहज मिळणारा ६०० पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर इन्क्रिमेंटल असतो आणि आकाराने एवढा मोठा की लहान सांध्यात मावत नाही. ऑप्टिकल अ‍ॅब्सोल्यूट उत्तम असतो, पण त्याची किंमत आमच्या अख्ख्या हाताच्या वर गेली असती. काम ०.१ अंशापेक्षा बारीक असेल आणि जागा बंदिस्त, स्वच्छ असेल, तर ऑप्टिकल घ्या. बाजूला जिनिंग असेल आणि कापसाचे तंतू हवेत उडत असतील, तर उघड्या चकतीचा ऑप्टिकल घेऊ नका.

## ४. लागणारं सामान

- AS5600 मॉड्यूल, सांध्यागणिक एक
- ६ मिमी व्यासाचा, सुमारे २.५ मिमी जाडीचा, व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला निओडिमियम चुंबक
- पितळ, अ‍ॅल्युमिनियम किंवा थ्रीडी प्रिंट केलेली चुंबकाची टोपी
- ईएसपी३२ बोर्ड
- एकापेक्षा जास्त सांधे असतील तर TCA9548A मल्टिप्लेक्सर
- दोन भागांचा इपॉक्सी, व्हर्निअर कॅलिपर, साधं होकायंत्र
- ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आणि मल्टिमीटर

मल्टिप्लेक्सर लागतो, कारण AS5600 चा आयटूसी पत्ता 0x36 असा ठरलेला आहे आणि तो बदलता येत नाही. एकाच बसवर, म्हणजे त्याच वायरींवर, दोन चिप लावल्या की दोन्ही एकदम उत्तर देतात आणि हाती येतो तो कचरा.

## ५. चुंबक बसवणं

सगळ्यात जास्त वेळ आमचा इथे गेला. तुमचाही जाईल, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

चुंबक योग्य आहे का ते आधी तपासा. दुकानात मिळणारे बहुतेक गोल चुंबक जाडीच्या दिशेने चुंबकित असतात, म्हणजे वरचा चेहरा एक ध्रुव आणि खालचा दुसरा. असा चुंबक सेन्सरसमोर कितीही फिरवला तरी त्याच्या क्षेत्राची दिशा बदलत नाही. आम्हाला पहिल्या खेपेला हेच मिळाले होते आणि दोन दिवस आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. तपासायची रीत सोपी आहे. होकायंत्र टेबलावर ठेवा, त्याच्या बाजूला थोड्या अंतरावर चुंबक आडवा ठेवा आणि जागच्या जागी फिरवा. सुई त्याच्याबरोबर फिरली तर चुंबक बरोबर. सुई जागची हलली नाही तर तो परत करा.

स्टीलच्या शाफ्टवर थेट चिकटवू नका. स्टील चुंबकाचं क्षेत्र स्वतःत ओढून घेतं आणि सेन्सरपर्यंत कमी पोचू देतं. मी लेथवर टोपी करून घ्यायला गेलो आणि माइल्ड स्टील सांगितलं. तिथल्या कारागिरांनी विचारलं, "भाऊ, याच्यात बसवायचं काय आहे?" चुंबक म्हटल्यावर म्हणाले, "मग लोखंडाची कायले करता? पितळेची करून देतो, चुंबक मोकळा राहील." पितळेची टोपी लावल्यावर वाचन लगेच सुधारलं. सेन्सरच्या बोर्डाचे स्क्रूही शक्यतो पितळेचे किंवा नायलॉनचे घ्या.

मध्य आणि अंतर साधा. चुंबकाचा मध्य चिपच्या मध्यापासून ०.२५ मिमीपेक्षा जास्त सरकलेला नसावा. चिप आणि चुंबक यांमधलं अंतर ०.५ ते ३ मिमी चालतं. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, कारण अंतर बरोबर आहे का हे चिप स्वतःच सांगते. रजिस्टर 0x1A मध्ये ती आपला सिग्नल किती वाढवून घेते आहे तो आकडा असतो. ३.३ व्होल्टवर तो ० ते १२८ असतो, ५ व्होल्टवर ० ते २५५. आकडा मधोमध, म्हणजे ३.३ व्होल्टवर ६४ च्या आसपास आणा. १२८ ला टेकला तर चुंबक लांब आहे, शून्याला टेकला तर फार जवळ.

चिकटवायला इपॉक्सी वापरा. साधा झटपट गोंद कडक आणि ठिसूळ होतो. मोटरच्या कंपनांनी तो सुटतो आणि चुंबक टोपीत हळूहळू फिरू लागतो. तेव्हा वाचन सुरळीत दिसतं, पण शून्याची जागा रोज थोडी सरकते.

नागपूरच्या उन्हाळ्याची काळजी अनेक जण विचारतात. गरम झाल्यावर चुंबक थोडा क्षीण होतो हे खरं, पण चिप क्षेत्राची ताकद नाही तर दिशा मोजते, त्यामुळे कोन तोच राहतो. साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसपर्यंत चालतो. पत्र्याखालची शेड तिथवर तापत नाही. भारात अडकलेल्या मोटरचं अंग मात्र तापू शकतं, म्हणून चुंबक मोटरला चिकटून ठेवू नका.

## ६. वायरिंग

DIR ही पिन मोकळी सोडू नका, ग्राउंडला जोडा. कोन कोणत्या दिशेला वाढायचा ते ती ठरवते. मोकळी राहिली तर एके दिवशी दिशा उलटी होते आणि सांधा लक्ष्याकडे जाण्याऐवजी पूर्ण जोराने उलट पळतो.

आयटूसी हा एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलण्यासाठी केलेला मार्ग आहे, लांब वायरीसाठी नाही. वायर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवता आली तर उत्तम. मोटरच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन वेगळ्या वाटेने न्या. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. वायर अर्ध्या मीटरच्या पुढे जात असेल तर बस दुरुस्त करत बसण्यापेक्षा एसपीआयवर बोलणारी AS5048A घ्या. तिच्या प्रत्येक उत्तरासोबत पॅरिटी बिट येतो, त्यामुळे वाटेत बिघडलेला आकडा ओळखता येतो.

मोटरच्या एन्कोडरसाठी ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिना वापरत असाल, तर बाहेरून पुल-अप रेझिस्टर लावा, त्या पिनांच्या आत तो नाही. ६०० पल्सच्या ऑप्टिकल एन्कोडरचं आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असतं. अशा एन्कोडरला पुरवठा ५ किंवा १२ व्होल्टचा दिला, तरी पुल-अप ३.३ व्होल्टलाच जोडा, नाहीतर बोर्डाची पिन जळेल.

## ७. कोन वाचणं

कोन बारा बिटांचा आहे आणि दोन बाइटमध्ये येतो. दोन्ही बाइट एकाच खेपेत वाचा. वेगवेगळे वाचले तर काय होतं ते बघा. सांधा २५५ वर आहे. तुम्ही वरचा बाइट वाचला, ०. तेवढ्यात सांधा २५६ वर गेला. आता खालचा बाइट वाचला, तोही ०. तुमच्या हाती आला शून्य, म्हणजे एका क्षणात २२.५ अंशांची चूक. अशी चूक हजारात एखाद्या वेळी येते, म्हणून सापडायला कठीण जाते.

```cpp
bool readRaw(uint16_t &raw) {
  Wire.beginTransmission(0x36);
  Wire.write(0x0C);
  if (Wire.endTransmission(false) != 0) return false;
  if (Wire.requestFrom(0x36, 2) != 2) return false;
  uint8_t hi = Wire.read();
  uint8_t lo = Wire.read();
  raw = ((hi & 0x0F) << 8) | lo;
  return true;
}
```

फंक्शनने `false` दिलं तर जुना आकडा नवा म्हणून पुढे ढकलू नका. वाचन चुकलं हे वरच्या प्रोग्रामला कळलंच पाहिजे.

दुसरा सापळा ४०९५ वरून ० वर होणाऱ्या उडीचा. आमचा खांदा मधल्या स्थितीत होता तेव्हा चिप ३३१० दाखवत होती. तिथून ७८६ काउंट, म्हणजे सुमारे ६९ अंश पुढे गेलं की आकडा शून्यावर येतो. खांदा मध्यापासून १०५ अंशांपर्यंत जातो, म्हणजे उडी थेट कामाच्या पल्ल्यात होती. यासाठी चुंबक उखडायची गरज नाही. मधला आकडा वजा करून उडी पलीकडच्या, सांधा कधीच न पोचणाऱ्या बाजूला ढकला:

```cpp
int16_t d = (raw - 3310) & 0x0FFF;
if (d >= 2048) d -= 4096;
float deg = d * (360.0f / 4096.0f);
```

आता कोन उणे १०५ ते अधिक १०५ असा सलग येतो.

तिसरी गोष्ट, न पटणारा आकडा नाकारा. आमचा सांधा सेकंदाला १३५ अंशांपेक्षा जोरात फिरू शकत नाही आणि आम्ही दर ५ मिलिसेकंदांनी वाचतो. तेवढ्या वेळात जास्तीत जास्त ०.७ अंश, म्हणजे आठ काउंट बदल होईल. वीसपेक्षा जास्त फरक आला तर तो आकडा आम्ही टाकून देतो. लागोपाठ तीन वाचनं अशी आली की मोटर बंद करतो. सरासरी काढून असे आकडे दडपू नका. सरासरीने चूक दिसेनाशी होते आणि कोनही उशिरा पोचतो.

## ८. वेग मोटरकडून घ्या

५ मिलिसेकंदांत एक काउंट म्हणजे सेकंदाला १७.६ अंश. सांधा हळू फिरत असेल तर अ‍ॅब्सोल्यूटवरून काढलेला वेग ०, १७.६, ०, १७.६ असा नाचतो आणि मोटर कुरकुर करते. मोटरचा एन्कोडर जवळपास तिप्पट बारीक आहे, म्हणून वेग तिथून घ्या.

त्याचे पल्स प्रोग्राममधल्या इंटरप्टने मोजण्यापेक्षा ईएसपी३२ मधल्या पल्स काउंटर हार्डवेअरला मोजू द्या. आमची मोटर मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला ४,४०० काउंट. एवढे इंटरप्टनेही जमतात. पण त्याच शाफ्टवर ६०० पल्सचा एन्कोडर असता तर सेकंदाला २,४०,००० काउंट झाले असते आणि साधा आर्डुइनो उनो नक्की मागे पडला असता. 'पल्स' आणि 'काउंट' यांत चौपटीचा फरक असतो. खरेदी करताना पत्रकात नेमकं काय लिहिलं आहे ते बघा.

## ९. दोघांना एकमेकांशी ताडून बघा

सुरू होताच अ‍ॅब्सोल्यूट कोन वाचा आणि मोटरचा काउंटर त्या कोनाशी जुळवा. एका अंशाला ३३ काउंट पडतात. नंतर चालताना दोघांतला फरक सतत मोजत राहा.

आधी तक्ता करून घ्या. सांधा एकाच दिशेने अगदी हळू फिरवा, म्हणजे ढिलाई एकाच बाजूला राहील. दर १० अंशांनी फरक लिहून घ्या. २१० अंशांत २२ नोंदी होतात. फरकाची लाट दिसली तर ती चुंबकाच्या बसवणीची. लाट दोन अंशांहून मोठी असेल तर तक्ता करू नका, चुंबक पुन्हा बसवा. लहान असेल तर तोच तक्ता कोनातून वजा करा.

तक्ता लावल्यावर उरलेला फरक ढिलाईएवढाच, म्हणजे आमच्याकडे १.२ अंशांच्या आत राहायला हवा. बेल्ट एक दात घसरला तर ६० दातांच्या पुलीवर सांधा बरोबर ६ अंश सरकतो. म्हणून थांबण्याची मर्यादा आम्ही ३ अंशांवर ठेवली आहे: ढिलाईच्या बरीच वर, एका दाताच्या बरीच खाली. फरक एकदम ६ अंशांनी उडाला तर बेल्ट बघा. हळूहळू एकाच दिशेने वाढत गेला तर मोटरचे पल्स हुकत आहेत किंवा चुंबक टोपीत फिरतो आहे. कोणतं ते ओळखायला सांधा यांत्रिक स्टॉपरला टेकवा. अ‍ॅब्सोल्यूट रोजचाच आकडा दाखवत असेल तर दोष पल्समध्ये आहे, वेगळा दाखवत असेल तर चुंबकात.

## १०. वीज घालवून बघा

हात मध्यावर असताना पुरवठा तोडा, खांदा हाताने दुसरीकडे न्या आणि पुरवठा जोडा. मोटरला हुकूम जाण्याआधी स्क्रीनवर आलेला कोन कोनमापकाने तपासा. हे पल्ल्याच्या दोन्ही टोकांजवळ आणि आकड्याची उडी जिथे होती तिथेही करा. नंतर सेन्सरची डेटा वायर चालू असतानाच उपटून बघा. तीन वाचनांत, म्हणजे १५ मिलिसेकंदांत मोटर बंद पडली पाहिजे. आमची पहिल्या वेळी बंद पडली नाही, कारण अर्धवट तुटलेल्या बसवर प्रोग्राम उत्तराची वाट बघत अडकून राहिला होता. `Wire.setTimeOut(5)` घातल्यावर एकेक वाचन फार तर ५ मिलिसेकंद अडकू लागलं आणि तीन वाचनांनंतर मोटर थांबू लागली.